लोणच्यावर पांढरा थर आलाय: फेकायचं, ढवळायचं की वाचवायचं?

वाचकाचं पत्र

यंदा जूनमध्ये २ किलो फोडींचं कैरीचं लोणचं घातलं. मिस्टरांना बीपी आहे म्हणून मीठ कमी, १६० ग्रॅमच घातलं, आणि तेलही दरवर्षीच्या अर्ध्या लिटरऐवजी पाव लिटर. ५ लिटरची चिनीमातीची बरणी आहे, ती अर्ध्याच्या थोडी वर भरली. तीन आठवड्यांनी दादरा सोडला तर वर बरणीभर सारखा पसरलेला पांढरा थर! हिरवं-काळं काही नाही, त्यामुळे बुरशी नसावी असं मला वाटतं. सासूबाई म्हणतात पाळीत बरणीला हात लावलास म्हणून बुरा आला. शेजारच्या काकू म्हणतात ढवळून घे आणि वरून तेल ओत, मरतो तो. मुलगा म्हणतो सगळं फेकून दे. नणंदबाईंना त्यातलं अर्धं पुण्याला पाठवायचं कबूल करून बसलेय. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक विनंती, हे वाचून होईपर्यंत बरणीत डाव घालू नका आणि ढवळू तर अजिबात नका. तो थर जसा आहे तसा शाबूत आहे तोवरच तो काय आहे हे ओळखता येतं, एकदा ढवळला की तो खारात मिसळून जातो, दिसेनासा होतो, आणि मग यीस्ट होतं की बुरशी होती हे कोणालाच सांगता येत नाही, ना तुम्हाला ना मला.

हिरवं-काळं नाही म्हणजे बुरशी नाही, हा तुमचा अंदाज खूप जणींचा असतो आणि तिथेच फसायला होतं. बुरशी सुरुवातीला जवळजवळ नेहमी पांढरीच असते. हिरवा, निळा, काळा रंग येतो तो तिचे बीजाणू तयार झाल्यावर, म्हणजे ती चांगली वाढल्यावर. त्यामुळे रंगीत डाग दिसला तर बुरशी आहे हे नक्की, पण रंग दिसला नाही म्हणून बुरशी नाही असं मात्र नाही म्हणता येत. रंगापेक्षा पोत बघायचा.

तो असा बघा. बरणी खिडकीपासून लांब, थोड्या अंधाऱ्या जागी ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च वरून न मारता बरणीच्या तोंडाशी आडवा धरा, प्रकाश थरावरून सरपटत जाईल असा. यीस्टचा थर सपाट असतो, पातळ, मळकट पांढरा किंवा क्रीम रंगाचा, चमक नसलेला, बऱ्याचदा सुरकुतलेला, कधी मधेमधे बारीक बुडबुडे अडकलेले. दुधावरची साय सुरकुतते ना, अगदी तसा. बुरशीला लव असते. आडव्या प्रकाशात तिचे बारीक तंतू उभे दिसतात, ती पृष्ठभागापासून वर उठलेली असते, आणि बहुतेक वेळा सगळीकडे सारखी न पसरता गोल गोल ठिपक्यांनी सुरू होते, एक इथे, एक तिथे, मधली जागा स्वच्छ.

मग एक कोरडी टूथपिक घ्या आणि थराच्या कडेला हलकेच ओढा. यीस्टचा थर ओढला की फाटतो, गोळा होतो, त्याचे ओले तुकडे पडतात आणि खाली खार जसाच्या तसा दिसतो. बुरशी तशी सुटत नाही, ती फोडीला धरून असते, आणि काडीला पुंजका येतो तो तंतूंचा. वास घ्यायचा तर नाक बरणीत घालू नका, झाकण काढून हाताने हवा आपल्याकडे ओढून घ्या, कारण बुरशी असेल तर तिचे बीजाणू नाकात जायला नकोत. यीस्टचा वास आंबूस असतो, थोडा ब्रेडच्या पिठासारखा किंवा किंचित दारूसारखा. बुरशीचा वास कुबट, बंद खोलीतल्या ओल्या कपड्यांचा येतो. वासावर एकट्यावर निर्णय घेऊ नका, कारण हिंग-मोहरी-मेथी इतकी जोरदार असते की बाकी सगळं झाकून टाकते. आणि चव घेऊन तर मुळीच बघायचं नाही, आमच्याकडे लोक आधी जिभेवर ठेवतात आणि मग विचार करतात, ते उलटं आहे.

तिसरी गोष्ट बघायची ती जागा. पांढरं नक्की कुठे आहे? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण यातून कारणही कळतं. यीस्ट काय किंवा बुरशी काय, दोघांनाही हवा पण लागते आणि पाणी पण. नुसत्या तेलावर पाणी नाही, म्हणून तेलाच्या स्वच्छ थरावर सहसा काही उगवत नाही. उगवतं ते तेलातून डोकं वर काढलेल्या फोडीवर, तेल उतरून उघड्या पडलेल्या ओल्या मसाल्यावर, नाहीतर बरणीच्या गळ्याला आतून जो मसाल्याचा खरकटा कडा राहतो त्यावर. तुमचा थर बरणीभर पसरलाय असं तुम्ही लिहिलंय, याचा अर्थ वर तेल उरलेलंच नाही, खार उघडा आहे.

पांढरं दिसणारं सगळंच जिवंत असतं असंही नाही. बरणी फ्रीजमध्ये ठेवलेली असेल तर शेंगदाणा तेल थंडीने पांढुरकं घट्ट होतं, बाहेर अर्धा तास ठेवलं की विरघळतं. फोडीवर कडक पांढरे कण असतील तर ते मिठाचेही असतात, चमचाभर गरम पाण्यात टाकले की दिसेनासे होतात. पण तुमचं मीठ कमी आहे आणि बरणी बाहेर आहे, म्हणून तुमच्या बाबतीत हे दोन्ही मी सोडून देते.

आता दोन निकाल शक्य आहेत.

पहिला, लव दिसली. एक जरी ठिपका उठलेला, केसाळ, किंवा रंगीत असेल आणि बाकी सगळा थर सपाट असेल, तरी ते बुरशीचंच प्रकरण धरायचं आणि सगळी बरणी टाकायची. वरचं काढून खालचं ठेवायचं नाही. हे ऐकायला जड जातं मला माहितेय, २ किलो कैरी, मसाला, दिवसभराची मेहनत. पण वर जे दिसतं तो बुरशीचा फक्त वरचा भाग असतो, तिचे तंतू खाली ओल्या मऊ फोडींमध्ये गेलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय काही बुरश्या विषारी द्रव्यं तयार करतात, अफ्लाटॉक्सिन त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं, आणि ते आपल्या स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणजे लोणचं कढईत गरम करून घेतलं तर बुरशी मरेल, पण तिने सोडलेलं विष तिथेच राहील. घरच्या घरी कुठली बुरशी विष करते आणि कुठली नाही हे ओळखता येत नाही, म्हणून इथे मी मुलाच्या बाजूची आहे. पिशवीत घट्ट बांधून टाका, गाई-कुत्र्यांना घालू नका.

दुसरा, थर सपाट, सायीसारखा, लव कुठेच नाही. मग ते यीस्ट आहे, याला काह्म यीस्ट म्हणतात, एकाच जातीचं नसतं, मीठ आणि आंबटपणा दोन्ही सोसणाऱ्या बऱ्याच यीस्टचा मिळून तो थर असतो. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे सगळीकडे सारखा पसरलेला थर, तीन आठवडे, कमी मीठ, मला हेच वाटतंय, पण टॉर्च तुम्हीच मारायचाय. निरोगी माणसाला याने अपाय होत नाही, चव मात्र बिघडते, थोडी कडवट-आंबूस होते. पण निरुपद्रवी आहे म्हणून तसंच राहू द्या असं मी म्हणणार नाही, आणि याचं कारण काकूंनाही सांगा. हे यीस्ट कैरीतलं आम्ल खाऊन जगतं. कैरीचं लोणचं टिकतं ते मिठाइतकंच तिच्या आंबटपणावर टिकतं, आणि वर आठवडेच्या आठवडे हा थर राहिला की वरच्या भागाचा आंबटपणा हळूहळू कमी होतो, मग जी बुरशी आधी तग धरू शकत नव्हती तिला जागा मिळते. म्हणून आज यीस्ट आहे तिथे महिन्याभरात बुरशी येऊ शकते. दिसल्या दिवशीच काढायचं.

काकूंच्या तेलाबद्दल. तेलाने काही मरत नाही. तेल हे लोणच्यात राखण करतं ते फक्त हवा अडवून. यीस्टचा थर आत ढवळून वरून तेल ओतलं तर काही दिवस छान दिसेल कारण हवा बंद झाली, पण यीस्ट आता सगळ्या बरणीभर पसरलेलं असेल आणि जिथे एखादी फोड वर आली किंवा जिथे हवेचा फुगा अडकला तिथून परत सुरू होईल. तेल ओतायचं आहेच, पण थर काढून झाल्यावर.

आणि सासूबाईंचं. पाळीचा आणि बुऱ्याचा काहीही संबंध नाही, तो असता तर पाळी कधीच नसलेल्या पुरुषांच्या हातची लोणची कधी बिघडली नसती. हात ओला असेल, चमचा ओला असेल, बरणी नीट वाळली नसेल तर बिघडतं, मग तो हात कोणाचाही असो. आधीच्या पिढीला तेव्हा बाकी काही कारण दिसत नव्हतं म्हणून हे चिकटलं असेल, पण तुम्ही हे स्वतःला लावून घेऊ नका. तुमच्या बरणीत जे घडलं त्याची कारणं तुमच्या पत्रातच आकड्यांनी लिहिलेली आहेत.

मीठ बघा. मुरवणीच्या, वर्षभराच्या कैरीच्या लोणच्याला आपल्याकडे किलोभर फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ घालतात. २ किलोला कमीत कमी ३०० ग्रॅम. तुम्ही घातलंत १६०, म्हणजे जवळजवळ निम्मं. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं आणि त्या खारात विरघळून बसतं, खार जितका खारट तितकं यीस्टला वाढायला जड. बरोबर मिठातही यीस्ट येऊ शकतं, हे मान्य, पण हळू येतं. त्यात कैरी कुठली होती? जूनमध्ये पाऊस पडल्यावर घेतलेली कैरी बऱ्याचदा पाडाला आलेली असते, कापल्यावर आतून पिवळट, कमी आंबट आणि थोडी गोड. गोडी म्हणजे यीस्टला आयतं जेवण. फोडी आतून पिवळट होत्या असं आठवत असेल तर हे पण एक कारण धरा.

मग तेल आणि बरणी, या दोन गोष्टी एकत्रच बघायला लागतात आणि इथे मला जरा सविस्तर सांगायचंय. तेल किती घातलं यापेक्षा फोडींच्या वर किती उभं राहिलं हे बघायचं. तेलातल्या लोणच्यासाठी आपल्याकडच्या सरकारी अन्नसुरक्षा नियमातही वर निदान अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर असण्याची गोष्ट आहे, घरी आपण रोज बरणी उघडतो, चमचा घालतो, म्हणून मी १ सेंटिमीटर धरते. तुमच्यासारखी ५ लिटरची बरणी पोटाला आतून साधारण १५ सेंटिमीटर रुंद असते. त्या रुंदीवर १ सेंटिमीटरचा थर उभा करायला जवळजवळ १८० मिली तेल लागतं. आणि हे वरचं तेल. त्याआधी मोहरीची डाळ, मेथी, तिखट आणि फोडींमधल्या फटी आपल्या वाटणीचं तेल पिऊन घेतात. पाव लिटरमधून ते गेल्यावर वर उरायला काय उरणार? घातलं त्या दिवशी तेल वर दिसलं असेल, कारण मसाला अजून फुगला नव्हता आणि फटींमध्ये हवा होती. आठ-दहा दिवसांत मसाला फुगतो, हवा निघते, तेल खाली उतरतं, आणि नेमकं त्याच वेळी आपण बरणी मुरायला ठेवून विसरतो. पहिल्या दिवशीचं तेल बघून समाधान मानू नका, दहाव्या दिवशी परत बघा.

आता तीच बरणी गळ्यापर्यंत भरली असती तर? गळा आतून ८ सेंटिमीटर असेल तर तिथे १ सेंटिमीटर थराला फक्त ५० मिली तेल पुरतं. जुन्या बरण्यांचं तोंड अरुंद असतं त्याचा हा मोठा फायदा आहे, पण तो बरणी गळ्याशी भरलेली असेल तेव्हाच मिळतो. अर्धी बरणी म्हणजे लोणचं सगळ्यात रुंद जागी उघडं, वर अडीच लिटर दमट हवा, आणि चिपळूणचा जुलै. तेल वाचवायचं असेल तर तेल कमी करू नका, बरणी लहान करा.

वाचवायचं कसं ते आता सांगते, थर यीस्टचाच आहे याची खात्री झाली असेल तरच.

कोरडा स्टीलचा चमचा घेऊन थर अलगद उचलून काढा आणि त्याच्याबरोबर वरचा बोटभर जाडीचा मसाला आणि फोडीही काढून टाका, त्यात हात आखडता घेऊ नका. मग खालची एक फोड बाहेर काढून दाबून बघा. कडक असेल, रंग चांगला असेल, वास लोणच्याचा येत असेल तर पुढे जा. बुळबुळीत, पिठूळ झाली असेल किंवा खार तारेसारखा चिकट ओढला जात असेल तर आतही बिघडलंय, मग टाकून द्या, तिथे वाचवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

फोडी चांगल्या निघाल्या की सगळं लोणचं एका कोरड्या स्टीलच्या पातेल्यात काढा. ॲल्युमिनियम, पितळ किंवा तांबं नको, आंबट-खारट त्याला खातं. बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, गळा आतून नीट घासा, शेवटी व्हिनेगरचं फडकं फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात बरणी बाहेरून कोरडी आणि आतून दमट राहते, म्हणून रात्रभर उपडी न ठेवता आडवी ठेवा, हवा खेळेल अशी. बरणीच्या आतल्या चकचकीत लेपाला तडे गेलेले असतील तर ती बरणी लोणच्याला परत वापरू नका, त्या तड्यांत ओल बसते.

आता मीठ. उरलेलं लोणचं वजन करा. तुमचं सगळं मिळून सुरुवातीला अडीच-पावणेतीन किलोच्या आसपास झालं असणार, फोडी, मीठ, मसाला आणि तेल धरून. समजा थर काढून, थोडं खाऊन २ किलो उरलं. म्हणजे पाऊण हिस्सा. सगळ्याला १४० ग्रॅम मीठ कमी पडलं होतं, त्याचा पाऊण हिस्सा १०५, म्हणून १०० ग्रॅम मीठ घ्या. ते आधी कढईत मंद आचेवर कोरडं भाजून घ्या, पावसाळ्यात मिठात बरीच ओल असते. गार झालं की लोणच्यात कोरड्या डावाने खालीवर करा. आता ढवळायला हरकत नाही, थर निघालाय. नुसतं वर भुरभुरवलं तर वरच राहतं, खाली पोचत नाही, म्हणून पातेल्यात काढायला सांगितलं.

मग लहान बरणीत भरा, २ किलोला दोन लिटरची काचेची चालेल. भरताना थर थर दाबत जा आणि मधे कोरड्या लांब चमच्याचा दांडा कडेने खालपर्यंत घालून हवा काढा, बुडबुडे वर येताना दिसतील. गळ्याला लागलेला मसाला कोरड्या फडक्याने पुसा, नवीन वाढ बहुतेक तिथूनच सुरू होते. शेंगदाण्याचं तेल चांगलं कडकडीत तापवा आणि पूर्ण गार करा, कोमट सुद्धा नको, कोमट तेलाने वाफ धरते आणि झाकणाला पाणी सुटून परत आत ठिबकतं. हे तेल फोडींच्या वर १ सेंटिमीटर येईपर्यंत ओता.

इथे थांबू नका. नव्या मिठाने फोडी परत पाणी सोडतील, दोन-तीन दिवस पातळी वर चढलेली दिसेल आणि मग उतरेल. तिसऱ्या दिवशी बघा आणि दहाव्या दिवशी बघा, कमी वाटलं तर तापवून गार केलेलं तेल परत घाला. एखादी फोड सारखी वर येत असेल तर ती काढून आधी खाऊन टाका. आणि बरणी उन्हात ठेवायचं म्हणत असाल तर नको. लोणचं घालण्याआधी मीठ लावलेल्या फोडींना ऊन देतात ते पाणी कमी करायला, त्याला अर्थ आहे. भरलेल्या बरणीला ऊन दिल्याने यीस्ट मरण्याइतकी उष्णता आत पोचत नाही, उलट बंद झाकणाखाली घाम धरतो.

दहा दिवसांनी वर काही नाही आलं तर लोणचं सुटलं असं समजा. परत सपाट थर आला तर ते बाहेर ठेवण्याच्या लायकीचं नाही, थर काढून फ्रीजमध्ये टाका आणि महिन्याभरात संपवा. परत आला आणि लव दिसली तर फेकायचंच, दुसरी संधी नाही.

नणंदबाईंना आत्ताच पाठवू नका. दहा दिवस तुमच्याकडे नजरेखाली राहू द्या, आणि फोन करून खरं काय ते सांगा, थर आला होता, काढलाय, मीठ-तेल दुरुस्त केलंय. त्यांच्या घरात कोणी गरोदर असेल, अगदी लहान मूल असेल, किंवा कोणाची केमो वगैरे चालू असेल तर त्यांच्यासाठी हे वाचवलेलं लोणचं देऊ नका, तुमच्या घरीही तोच नियम. पाठवाल तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली आणि वर तेल उभं असलेली पाठवा. प्रवासात हिंदकळून फोडी वर येतात, पोचल्यावर कोरड्या चमच्याने दाबून घ्यायला सांगा.

दुसऱ्या कुठल्या लोणच्याला हे वाचून हेच करणाऱ्यांसाठी थोडं. मी हे सगळं कैरीबद्दल लिहिलंय, लिंबालाही लागू आहे, कारण दोन्ही स्वतःच भरपूर आंबट आहेत. लसूण, गाजर, मटार, ओली हळद यांच्यात स्वतःचा आंबटपणा पुरेसा नसतो, त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर नीट घातलेलं नसेल तर तेलाखाली हवा बंद झाल्यावर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढायचा धोका असतो, आणि त्यांचं विष वास किंवा रंगावरून कळत नाही. अशा लोणच्यावर पांढरं आलं, झाकण फुगलं किंवा उघडताना फस्स करून हवा सुटली तर चव न घेता टाका. कोळंबीचं, माशाचं किंवा मटणाचं लोणचं असेल तर यीस्ट का बुरशी हा विचारच करू नका, टाका.

आता बीपीचं, कारण सगळं तिथून सुरू झालंय आणि तुमचा हेतू अगदी योग्य आहे. फक्त हिशेब करून बघू. पूर्ण मीठ घातलेलं लोणचं, मसाला-तेल धरून, साधारण दहा टक्के मिठाचं होतं. म्हणजे १० ग्रॅम लोणचं, एखादी लहान फोड आणि थोडा खार, त्यात १ ग्रॅम मीठ. तुमच्या कमी मिठाच्या लोणच्यात तेवढ्याच वाढणीत अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. वाचलं अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी, आणि त्यासाठी अख्खी बरणी धोक्यात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, त्या हिशेबात १ ग्रॅम ही मोठीच गोष्ट आहे, पण ती कमी करायची जागा बरणी नाही, ताट आहे. पूर्ण मिठाचं घाला आणि मिस्टरांना अर्धी फोड वाढा, तीही खार निथळून, किंवा रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा. डॉक्टरांनी मीठ अगदीच मोजून सांगितलं असेल तर हे लोणचं त्यांच्यासाठी नाहीच, ते त्यांना विचारून ठरवा.

आणि खरंच कमी मिठाचं, कमी तेलाचं हवं असेल तर ते वर्षाचं म्हणून घालू नका. पाव किलो कैरीचं ताजं लोणचं घाला, बारीक फोडी, मीठ चवीपुरतं, मोहरी-हिंगाची फोडणी गार करून, काचेच्या छोट्या बाटलीत, पहिल्या दिवसापासून फ्रीजमध्ये, आणि आठ-दहा दिवसांत संपवायचं. कैरीचा मोसम गेला की लिंबाच्या रसातलं आलं, पातळ काप करून, तसंच फ्रीजमध्ये ठेवता येतं. त्यात तेल नसलं तरी चालतं, कारण तिथे राखण थंडी आणि लिंबाचा आंबटपणा करतात.